गावच्या इतिहासाचं चॅनेल आणि संपादकांना पाठवायचा मेल

गावचा इतिहास सांगणारं यूट्यूब चॅनेल चालवणाऱ्यांचे मेल वर्तमानपत्रांच्या जिल्हा कार्यालयांत नेहमी येतात. त्यांतल्या बहुतेकांची सुरुवात साधारण सारखीच असते. आमच्या गावाला थोर ऐतिहासिक वारसा आहे, नव्या पिढीला तो कळावा म्हणून आम्ही चॅनेल सुरू केलं आहे, आजवर इतके व्हिडिओ केले, आपल्या लोकप्रिय दैनिकातून प्रसिद्धी मिळावी ही विनंती. मजकूर खरा असतो, तळमळही खरी असते. तरी मेल बाजूला पडतो, कारण संपादकांना हवं ते त्यात सापडत नाही. उद्या सकाळी पेपर उघडणाऱ्या माणसाला यातून काय कळणार, एवढंच ते पाहत असतात. ‘गावात एक चॅनेल आहे’ ही बातमी होत नाही, कारण चॅनेलं आता गावोगावी आहेत. चॅनेलनं जे शोधलं, त्याची मात्र बातमी होते.

म्हणून मेल लिहायला बसण्याआधी सगळ्या व्हिडिओंतून एकच व्हिडिओ निवडायचा. सर्वाधिक पाहिला गेलेला व्हिडिओच घ्यायला हवा असं नाही. ज्यात एक वस्तू आहे, एक तारीख आहे आणि त्या वस्तूशी आजही नातं असलेली जिवंत माणसं आहेत, तो घ्यावा. बोलण्यात नेमकेपणा यावा म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, तुमचं गाव सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात आहे. चॅनेलवर ग्रामदैवताच्या यात्रेचा व्हिडिओ आहे, देवळापुढच्या वीरगळांचा आहे, जुन्या वाड्याचा आहे आणि वेशीबाहेरच्या पायऱ्यांच्या बारवेचाही आहे. गेल्या उन्हाळ्यात बारवेतला गाळ काढताना एका कोनाड्यावर पाच ओळींचा लेख दिसला. त्यात ‘शके १६७१ शुक्लनाम संवत्सरे’ एवढं स्वच्छ वाचता येतं, पुढच्या ओळी झिजल्या आहेत. गावातल्या चार म्हाताऱ्या बायका सांगतात की बहात्तरच्या दुष्काळात सगळ्या विहिरी आटल्या, पण या बारवेला तळाशी पाणी होतं. दिवसभर खडी फोडून आल्यावर त्या रात्री पाळीनं इथे पाणी भरत. यात्रेला गर्दी मोठी आणि वाडा देखणा असला तरी मेल बारवेचाच करायचा.

मेल लिहिण्याआधी लेखाचं वाचन पक्कं करावं लागतं. इतिहासाच्या विषयावर संपादकांना सर्वांत जास्त भीती वाटते ती खुलाशाची. आज छापलं आणि उद्या एखाद्या अभ्यासकाचं पत्र आलं, किंवा गावातल्याच दुसऱ्या घराण्यानं ‘हे खोटं आहे’ म्हणून कार्यालय गाठलं, की पुढच्या चॅनेलवाल्याचा मेल उघडलाच जात नाही. तारखेची पहिली तपासणी तुम्ही घरी बसून करू शकता. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या तिथी असतील तर ७९ मिळवायचे. म्हणजे शके १६७१ हे इसवी सन १७४९-५० झालं. पण अंक झिजलेले असतात, १ आणि ९ यांत किंवा ६ आणि ७ यांत फसगत होते. अशा वेळी संवत्सराचं नाव उपयोगी पडतं. शकात १२ मिळवा, ६० नं भागा, जी बाकी उरेल तो प्रभवापासूनचा संवत्सराचा क्रमांक. १६७१ मध्ये १२ मिळवले की १६८३, त्याला ६० नं भागल्यावर बाकी ३ उरते आणि तिसरा संवत्सर शुक्लच आहे. बाकी शून्य आली तर साठावा, म्हणजे क्षय. ही रीत बरोबर आहे का हे पाहायचं असेल तर शिवराज्याभिषेकाचा शक घ्या. शके १५९६, बारा मिळवून १६०८, बाकी ४८, आणि अठ्ठेचाळिसावा संवत्सर आनंद. राज्याभिषेक आनंदनाम संवत्सरातच झाला. शक आणि संवत्सर जुळले नाहीत, तर दोहोंपैकी एकाचं वाचन चुकलं आहे किंवा कोरणाऱ्यानंच चूक केली आहे. तसं असेल तर तारीख मेलमध्ये घालायची नाही, आधी जाणकाराला दाखवायची.

जाणकाराला दाखवायचा फोटो मात्र नीट हवा. भर दुपारी काढलेल्या फोटोत झिजलेली अक्षरं सपाट दिसतात. सकाळी किंवा संध्याकाळी तिरकं ऊन पडतं तेव्हा काढावा. बारवेच्या आत ऊन पोचत नसेल तर अंधार पडल्यावर विजेरी दगडाला जवळजवळ टेकवून एका बाजूनं प्रकाश टाकावा, खोदलेल्या रेघांत सावली भरते आणि अक्षरं उठून येतात. अक्षरांत खडू, पीठ, हळद भरू नये, तारेच्या ब्रशनं घासू नये. व्हिडिओत ते चांगलं दिसतं म्हणून बरेच जण करतात आणि दोनशे-तीनशे वर्षं टिकलेली कडा एका दुपारी जाते. असा पांढऱ्या खडूनं भरलेला फोटो मेलला जोडला, तर ज्याला या विषयाची जाण आहे असा उपसंपादक तिथेच थांबतो. खडू भरणाऱ्यानं त्याला दिसेल तेच अक्षर रंगवलेलं असतं, त्यामुळे मूळ वाचन तपासायची सोयच उरत नाही. नीट काढलेले फोटो पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेतल्या किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागातल्या अभ्यासकाला दाखवावेत आणि त्यांची परवानगी असेल तर त्यांचं नाव मेलमध्ये द्यावं. मंडळ १९१० पासून हेच काम करत आलं आहे.

आता मोहाची जागा. शके १६७१ म्हटलं की सातारकरांना लगेच शाहू महाराज आठवतात, कारण त्याच शकात, १५ डिसेंबर १७४९ ला, साताऱ्यात त्यांचं निधन झालं. मग ‘शाहू महाराजांनी बांधलेली बारव’ असं लिहायला हात शिवशिवतात. पण लेखात तसं काही नाही. लेख एवढंच सांगतो की शाहूंच्या अखेरच्या काळात या गावात कुणीतरी दगडी काम केलं आणि त्याची नोंद कोरली. ते काम संपूर्ण बारवेचं होतं की फक्त त्या कोनाड्याचं, की जुन्या बारवेच्या दुरुस्तीचं, हेही त्या एका ओळीवरून ठरत नाही. मेलमध्ये हे असंच लिहावं. ‘बांधणाऱ्याचं नाव वाचता आलेलं नाही’ हे वाक्य वाचल्यावर संपादकांचा विश्वास वाढतो. वीरगळांबाबतही हीच काळजी. गावोगावी त्यांना शिवकालीन म्हणायची पद्धत पडली आहे, पण महाराष्ट्रातले पुष्कळ वीरगळ शिलाहार-यादवांच्या काळाकडे जाणारे, म्हणजे शिवाजी महाराजांच्या कितीतरी आधीचे आहेत आणि बहुतेकांवर अक्षर नसतं. ‘पांडवांनी एका रात्रीत बांधलं’ ही आख्यायिका जरूर सांगावी, पण आख्यायिका म्हणून. आणि गुप्तधनाची गोष्ट मेलमध्ये घालू नये, व्हिडिओतही नको. गावात ती कितीही प्रेमानं सांगितली जात असली तरी छापून आल्यावर ती वाचणाऱ्यांत कुदळ घेऊन येणारेही असतात, आणि उघड्यावरच्या मूर्ती, वीरगळ, देवळांची जोती रात्रीतून उकरली गेल्याच्या घटना महाराष्ट्रात झालेल्या आहेत.

मेल कुणाला पाठवायचा? पेपरच्या बहुधा शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक टायपात संपादकांचं नाव असतं, बातम्यांच्या निवडीची कायद्यानं जबाबदारी त्यांची. पण मोठ्या दैनिकाचे हे संपादक बहुधा पुण्या-मुंबईत किंवा कोल्हापुरात बसतात. तुमच्या बारवेचा निर्णय जिल्हा आवृत्तीचे प्रमुख किंवा पुरवणी पाहणारे उपसंपादक घेतात. जिल्हा कार्यालयात फोन करून ‘रविवारच्या पुरवणीचं पान कोण पाहतं आणि विषय सुचवायचा तर मेल कुठे पाठवू’ एवढं विचारलं की पत्ता मिळतो. हा फोन दुपारी करावा. संध्याकाळी पानं लागण्याची घाई असते, तेव्हा कुणालाही नीट बोलता येत नाही.

तालुक्याच्या वार्ताहरांना वगळून थेट जिल्ह्याला मेल करायचा मोह होतो, तोही टाळावा. संपादकांना विषय आवडला की ते पहिला फोन तालुक्याच्या वार्ताहरांनाच करतात, ‘हे खरं आहे का, जाऊन बघून या’ म्हणून. त्यांना त्या वेळी काहीच माहीत नसेल तर मनात आढी बसते आणि काम तिथेच अडतं. आधी त्यांना बारव दाखवावी, मग मेलमध्ये त्यांनी पाहिल्याचा उल्लेख करावा.

सगळा मेल एका फोन-पडद्यावर, फार तर दोनदा बोट फिरवून वाचून व्हावा. विषयाच्या ओळीत गावाचा गौरव नको, वस्तू हवी. फोनवर त्या ओळीचे पहिले पाच-सहा शब्दच दिसतात, म्हणून महत्त्वाचं आधी:

‘माणमधल्या बारवेत शके १६७१चा लेख आणि बहात्तरचं पाणी – रविवार पुरवणीसाठी विषय’

आणि मेल असा:

‘माननीय संपादक, सप्रेम नमस्कार.

आमच्या गावच्या वेशीबाहेर पायऱ्यांची जुनी बारव आहे. गेल्या उन्हाळ्यात ग्रामस्थांनी गाळ काढला तेव्हा एका कोनाड्यावर पाच ओळींचा देवनागरी लेख दिसला. पहिल्या ओळीत “शके १६७१ शुक्लनाम संवत्सरे” असं आहे, म्हणजे इ. स. १७४९-५०. शक आणि संवत्सर जुळतात. पुढच्या ओळी झिजल्या असून बांधणाऱ्याचं नाव वाचता आलेलं नाही.

१९७२च्या दुष्काळात गावातल्या इतर विहिरी आटल्या, तेव्हा या बारवेला पाणी होतं, असं इथून पाणी भरलेल्या चार आजी सांगतात. सर्व जणी आज गावात आहेत आणि आपल्या प्रतिनिधींशी बोलायला तयार आहेत. गाळ काढल्यापासून बारवेत पुन्हा पाणी साठतं, पण कठड्याचे दगड ढासळत आहेत.

येत्या १८ एप्रिलला जागतिक वारसा दिन आहे. त्या निमित्तानं या बारवेवर पुरवणीत लेख व्हावा असं वाटतं. आपले तालुका वार्ताहर बारव पाहून गेले आहेत.

हे सर्व आम्ही गावच्या इतिहासाच्या आमच्या यूट्यूब चॅनेलसाठी चित्रित केलं आहे. लेखाचा भाग थेट दिसेल असा दुवा खाली देत आहे. चॅनेल आम्ही तिघं मित्र नोकरी सांभाळून चालवतो; पाहणारे बहुतेक मुंबई-पुण्यात गेलेले गावकरीच आहेत. तीन फोटो जोडले आहेत, ते नावासह छापायला हरकत नाही. हा विषय अन्य दैनिकाला पाठवलेला नाही.

दुपारी केव्हाही फोन करावा. आपला,’ आणि खाली नाव, गाव, तालुका, फोन नंबर.

या मेलमध्ये चॅनेल चौथ्या परिच्छेदात येतं. ते खटकेल, पण छापील लेखात चॅनेलला जागा मिळते ती याच क्रमानं. बारवेची गोष्ट वाचता वाचता वाचक विचारतो, हे कुणी शोधलं, आणि उत्तर म्हणून तुमचं चॅनेल येतं. पाहणारे किती, हा आकडा लहान असेल तर लपवायचं कारण नाही, फुगवायचा तर मुळीच नाही. कोण पाहतं हे सांगितलेलं जास्त उपयोगी ठरतं. सातारा जिल्ह्यातली माणसं पिढ्यान् पिढ्या मुंबईत माथाडी कामाला, गिरण्यांत, बाजार समित्यांत गेलेली आहेत. ती व्हिडिओखाली लिहितात, ‘माझ्या आईनं इथे पाणी भरलंय’. अशी एक टिप्पणी, लिहिणाऱ्याची परवानगी घेऊन, मेलमध्ये दिली तरी चालेल.

व्हिडिओचा दुवा देताना अर्धवट काम करू नये. अठरा मिनिटांचा व्हिडिओ संपादक पाहत नाहीत, ते अर्धा मिनिट पाहतात. लेख चार मिनिटं बारा सेकंदांवर दिसत असेल तर दुव्याच्या शेवटी सेकंद लिहावेत:

```
https://youtu.be/<व्हिडिओचा-आयडी>?t=252
```

चार मिनिटांचे २४० आणि वरचे १२ मिळून २५२. हा दुवा उघडला की व्हिडिओ थेट लेखाच्या दगडापाशी सुरू होतो. तुमच्या खऱ्या दुव्यात आधीच प्रश्नचिन्ह असेल तर t=252 च्या आधी ? ऐवजी & लिहावा. पाठवण्याआधी दुसऱ्याच्या फोनवर उघडून पाहावा, कारण व्हिडिओ चुकून खासगी राहिलेला असला तर तुमच्या फोनवर ते कळत नाही.

फोटो छापण्यासाठी पाठवायचे असतात, हे पुष्कळ जण विसरतात. व्हिडिओतून थांबवून घेतलेलं चित्र पडद्यावर ठीक दिसतं आणि कागदावर मळकट होतं. व्हॉट्सॲपवरून फिरलेला फोटोही दाबला जाऊन आलेला असतो. मूळ कॅमेऱ्यातली जेपेग फाइल जोडावी. पंधरा सेंटीमीटर रुंद छापायचा फोटो नीट यायला सुमारे १,८०० पिक्सेल रुंदी लागते, आजच्या फोनचे मूळ फोटो त्याहून मोठेच असतात. तीन पुरे: एक बारवेचा संपूर्ण, त्यात एखादं माणूस उभं असावं म्हणजे आकार कळतो, एक लेखाचा, तिरक्या उजेडातला, आणि एक आजींचा, बारवेच्या पायरीवर. जीमेलवर एका मेलला २५ एमबीपर्यंतच जोडता येतं, त्यात हे तिन्ही बहुधा बसतात. फाइलचं नाव IMG_2041 असं ठेवू नये. ‘बारव-लेख-फोटोकाराचं नाव’ असं द्यावं, कारण पान लावणाऱ्याच्या संगणकावर त्या दिवसाचे शेकडो फोटो असतात आणि तुमचा दुसऱ्याच गावाच्या बातमीला लागू शकतो. ड्रोननं काढलेला फोटो असेल तर उडवण्याची परवानगी होती का हे विचारलं जातं, तयारी ठेवावी.

मजकूर युनिकोडमध्ये थेट मेलमध्येच लिहावा. जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून जोडलेली फाइल समोरच्या संगणकावर चौकटी आणि खुणा दाखवते. पीडीएफ दिली तर त्यातून मराठी मजकूर उचलताना जोडाक्षरं मोडतात. पत्राचा फोटो काढून पाठवणं तर सर्वांत वाईट, तो कुणी पुन्हा टाइप करत नाही.

वेळेचा हिशेब साधा आहे. पुरवणीची पानं रोजच्या पानांच्या बरीच आधी ठरतात. १८ एप्रिलसाठी मार्चअखेर मेल गेलेला बरा. आदल्या दिवशी पाठवला तर विषय चांगला असूनही जागा नसते. बहात्तरचा दुष्काळ वाचकांच्या मनात उन्हाळ्यात ताजा होतो, म्हणून पाण्याचा विषय पावसाळ्यात पाठवून उपयोग नाही. एकाच वेळी पाच दैनिकांना पाठवू नये, आणि पाठवलाच तर ‘अन्य कुणाला पाठवलेला नाही’ ही ओळ काढावी. आठवड्यात उत्तर आलं नाही तर त्याच मेलला दोन ओळींचं स्मरण द्यावं. त्यावरही शांतता राहिली तर एकदा दुपारी फोन करावा, आणि नको असेल तर तसं स्पष्ट सांगण्याची विनंती करावी; मग विषय दुसऱ्या दैनिकाकडे, तालुक्याच्या साप्ताहिकाकडे किंवा दिवाळी अंकाकडे मोकळा होतो. कुणी ‘आधी जाहिरात द्या, मग लेख’ असं म्हणालं तर तो व्यवहार वेगळा, त्याला संपादकीय लेख समजू नये. पैसे देऊन छापलेला मजकूर जाणत्या वाचकाला ओळखू येतो आणि चॅनेलवरचा विश्वास त्यात जातो.

मेल पाठवण्याआधी आजींना विचारणं राहू देऊ नका. व्हिडिओला हो म्हणणारी बाई पेपरात नाव आणि फोटो येण्याला हो म्हणेलच असं नाही. घरातल्यांचंही मत असतं. त्यांचा फोन नंबर मेलमध्ये देऊ नका, बातमीदारांना तुम्ही स्वतः घेऊन जा. भाऊबंदकीत बारवेच्या जागेचा वाद चालू असेल तर तोही संपादकांना आधी सांगा. छापून आल्यावर त्यांना तो गावातूनच कळणार आहे.

आणि लेख छापून आला की तो ओळीओळीनं वाचा. ‘शाहूकालीन’चं घाईत ‘शिवकालीन’ झालेलं असू शकतं, शक आणि सन यांची अदलाबदल झालेली असू शकते. चूक दिसली तर त्याच दिवशी, चुकलेलं वाक्य आणि त्याची दुरुस्ती एवढंच लिहून मेल करा, आणि तीच दुरुस्ती व्हिडिओखालीही लिहा. पुढे कुणी या गावाबद्दल लिहील तेव्हा त्याला छापील कात्रण आधी सापडेल.